फोटोतली सुरकुती खरी की हावभावाची : एक फुटावरचा फ्लॅशचा फोटो वाचण्याआधी करायच्या गोष्टी

मोबाइलवर चेहऱ्याचा जवळून फोटो काढायचा, दोन बोटांनी तो मोठा करून पाहायचा आणि दिसलेल्या प्रत्येक काळ्या रेषेला सुरकुती म्हणायचे, ही चूक आमच्या तालुक्याच्या गावातल्या फोटो स्टुडिओत मला जवळजवळ रोज दिसते. त्या फोटोवरून कोणी मलम विकत घेते, कोणी तो फोटो दूरच्या डॉक्टरांना पाठवते, आणि कोणी कागदपत्रांसाठी काढलेला चांगला फोटो नाकारते. फोटोत दिसणाऱ्या रेषेला निदान चार कारणे असू शकतात : त्या क्षणी आकसलेला स्नायू, त्वचेत कायमची पडलेली घडी, प्रकाशाची दिशा आणि कॅमेऱ्याचे अंतर. एकट्या फोटोवरून ही चार कारणे वेगळी करता येत नाहीत. त्यासाठी फोटोंच्या जोड्या लागतात. त्या जोड्या कोणत्या क्रमाने काढायच्या आणि कशा वाचायच्या, एवढाच या लेखाचा विषय आहे.

दोन शब्द आधी स्पष्ट करून घेऊ. भुवया उचलल्यावर, कपाळाला आठ्या घातल्यावर किंवा डोळे बारीक केल्यावर जी रेषा उमटते आणि चेहरा सैल सोडताच विरते, ती हावभावाची रेषा. चेहरा पूर्ण सैल असतानाही जी टिकून राहते, ती कायमची सुरकुती. पहिलीची दुसरी होण्यास वर्षे लागतात आणि आपल्याकडच्या उन्हात ती वाटचाल लवकर होते, म्हणून पुष्कळ चेहऱ्यांवर दोन्ही शेजारी शेजारी असतात.

तयारी : चेहरा, जागा आणि सुतळी

चेहरा साध्या पाण्याने धुऊन, टिपून कोरडा करावा आणि दहा-पंधरा मिनिटे तसाच राहू द्यावा. तेल, क्रीम किंवा पावडर लावू नये. तेलाने चमक वाढते, तर पावडर घडीत साचून पांढरी रेघ तयार करते आणि नसलेली खोली दाखवते. शेतातून आल्याबरोबर फोटो काढू नये, कारण घाम आणि माती घडीत बसलेली असते. तोंडाला बांधलेल्या दुपट्ट्याचे वळही गालावर काही काळ राहतात. झोपेतून उठल्यावर उशीचा दाब गालावर तिरक्या रेषा उमटवतो. त्या जाण्यासाठी तासभर तरी थांबावे.

जागा म्हणून सपरीची कड सर्वांत उत्तम. माणसाला सावलीत, पण उघड्या अंगणाकडे तोंड करून बसवावे, म्हणजे आकाशाचा मोठा, मऊ प्रकाश समोरून येतो. सकाळी नऊ ते अकराची वेळ सोयीची. डोक्यावरचे दुपारचे ऊन भुवयांखाली आणि गालांखाली सावल्या पाडते, आणि निळ्या ताडपत्रीखालचा प्रकाश त्वचेचा रंग बिघडवतो. मांडीवर पांढरा पंचा पसरला तर हनुवटीखालची सावली सौम्य होते.

आता सुतळी. एक लांब सुतळी घेऊन तिच्या एका टोकापासून एक फुटावर आणि पाच फुटांवर अशा दोन गाठी माराव्यात. टोक माणसाच्या नाकापाशी धरून गाठ मोबाइलपाशी आणली की अंतर ठरले. टोक नाकापाशी धरल्यावर गाठ लगेच हातात येते, त्यामुळे अंदाजाने अंतर धरण्याचा प्रश्नच उरत नाही. माझा अनुभव असा की अंदाजाने धरलेले पाच फूट बहुधा तीनच भरतात.

मोबाइलमध्ये मागचा कॅमेरा वापरावा, काच कापडाने पुसावी, आणि चेहरा गुळगुळीत करणारी ब्युटीची सोय तसेच पार्श्वभूमी पुसट करणारा पोर्ट्रेट मोड बंद करावा. फ्लॅश आपोआप लागू देऊ नये. तो हाताने बंद करावा. पाच फुटांवरून चेहरा लहान वाटला तर पुढे सरकू नये, दुप्पट झूम वापरावा. झूममुळे चेहऱ्याची ठेवण बदलत नाही. ती फक्त अंतराने बदलते.

*पडताळा : मोबाइलची उंची त्या माणसाच्या डोळ्यांइतकी आहे ना? मोबाइल वर असेल तर तो माणूस नकळत भुवया उचलतो आणि कपाळावर रेषा येतात. खाली असेल तर हनुवटी आत जाऊन गळ्याला घड्या पडतात.*

टप्पा १ : सैल चेहऱ्याचा फोटो

सर्वांत जास्त चुका याच टप्प्यावर होतात. आपण "हसू नका" म्हणतो आणि समोरचा माणूस ओठ घट्ट मिटतो, भुवया जवळ घेतो आणि कॅमेऱ्याकडे रोखून पाहतो. तो चेहरा गंभीर असतो, सैल नसतो. सैल चेहरा मिळवण्यासाठी मी पुढील क्रम पाळतो. आधी डोळे मिटायला सांगावे. मग श्वास सावकाश सोडायला लावावा. दातांवर दात न टेकता ओठ नुसते एकमेकांना लागू द्यावेत. त्यानंतर डोळे उघडून कॅमेऱ्याकडे न पाहता, कॅमेऱ्याच्या मागे दूर असलेल्या कडुनिंबाकडे किंवा विजेच्या खांबाकडे पाहायला सांगावे आणि दोन-तीन सेकंदांत फोटो घ्यावा. अधिक वेळ लावला की चेहरा पुन्हा ताणतो.

दूर पाहायला लावण्याचे कारण असे की चाळिशी ओलांडलेल्या माणसाला जवळचे पुष्कळदा स्पष्ट दिसत नाही. मोबाइलच्या पडद्याकडे किंवा काचेकडे पाहताना त्याच्या भुवया आपोआप जवळ येतात आणि दोन भुवयांमधल्या उभ्या रेषा तयार होतात. स्वतःच स्वतःचा फोटो काढणाऱ्या पन्नाशीच्या माणसाच्या त्या रेषा पुष्कळदा वयाच्या नसतात. चाळिशीचा चष्मा घरी राहिलेला असतो.

पाच फुटांच्या गाठीवरून असे तीन फोटो समोरून घ्यावेत, आणि दोन्ही बाजूंना अर्धे वळवून एकेक घ्यावा.

*पडताळा : दोन्ही भुवया समान उंचीवर आहेत का? ओठांच्या कडा आत ओढलेल्या नाहीत ना? यांतले काही चुकले असेल तर तो फोटो सैल चेहऱ्याचा म्हणून धरू नये.*

टप्पा २ : चार हावभाव, चार वेगळे फोटो

अंतर, प्रकाश आणि बैठक जराही न बदलता चार फोटो घ्यावेत : भुवया जमतील तितक्या उचलून; भुवया जवळ आणून, म्हणजे रागावल्यासारख्या; डोळे बारीक करून मोठे हसत; आणि फुंकणीने चूल फुंकताना करतो तसे ओठांचे चंबू करून. हे एकाच फोटोत करायला सांगू नये, कारण मग कोणती रेषा कोणत्या स्नायूची आहे हे कळत नाही.

रेषा नेहमी स्नायूच्या तंतूंना आडवी पडते. कपाळाचा स्नायू वर-खाली ओढतो, म्हणून कपाळावरच्या रेषा आडव्या असतात. भुवयांना आत ओढणारे स्नायू साधारण आडवे असतात, म्हणून दोन भुवयांमधल्या रेषा उभ्या असतात. डोळ्याभोवतीचा आणि ओठांभोवतीचा स्नायू गोल असतो, म्हणून डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्यापाशी रेषा पंख्याच्या काड्यांसारख्या पसरतात आणि ओठांवर त्या उभ्या येतात. एखादी रेषा या कोणत्याच दिशेत बसत नसेल, उदाहरणार्थ गालावरून किंवा कपाळावरून तिरकी जात असेल, तर ती हावभावाची नसून बहुधा एका कुशीवर झोपण्याची आहे.

टप्पा ३ : जोडी लावून वाचणे

सैल चेहऱ्याचा आणि हावभावाचा फोटो शेजारी ठेवून एकेका रेषेवर बोट ठेवावे. हावभावात दिसते आणि सैल चेहऱ्यात दिसत नाही, ती हावभावाची रेषा. तिला सुरकुती म्हणू नये. दोन्हीत दिसते आणि त्याच जागी, त्याच लांबीची आहे, ती कायमची झाली आहे. दोन्हीत दिसते पण सैल चेहऱ्यात निम्मीच उरते, ती मधल्या अवस्थेत आहे. त्वचेच्या वैद्यकात ग्लोगाऊ यांची जी वर्गवारी वापरली जाते, तिच्यातही हाच फरक मोलाचा मानला आहे : हालचालीत दिसणाऱ्या सुरकुत्या दुसऱ्या प्रकारात, स्थिर चेहऱ्यावर दिसणाऱ्या तिसऱ्या प्रकारात.

कायमच्या रेषेची खोली पाहण्यासाठी आणखी एक फोटो घ्यावा. रेषेच्या दोन्ही बाजूंना बोटे ठेवून त्वचा हलकेच फाकवावी. तेवढ्याने रेषा पुसली गेली तर ती उथळ आहे. त्वचा फाकवूनही बारीक खाच उरली तर ती खोल आहे. जोर लावू नये, कारण जोराने ताणल्यावर जवळजवळ सगळेच पुसले जाते.

नाकाच्या बाजूपासून ओठांच्या कोपऱ्याकडे येणारी घडी मात्र या हिशेबात धरू नये. ती मुळात गाल आणि ओठ यांच्यामधली सीमा आहे आणि तरुण, धष्टपुष्ट चेहऱ्यावरही असते. गाल जसजसा ओघळतो तसतशी ती गडद होते, परंतु तिच्यावरून त्वचा किती सुरकुतली हे ठरत नाही.

आमच्या भागात आणखी एक फसगत होते आणि ती मला इतर कोणी समजावून सांगितलेली आठवत नाही. वर्षानुवर्षे उन्हात डोळे बारीक करून निंदण, वेचणी करणाऱ्यांच्या डोळ्यांच्या कोपऱ्यात त्वचेचा घडीबाहेरचा भाग उन्हाने काळवंडतो आणि घडीच्या तळाला ऊन लागत नसल्याने तो उजळ राहतो. चेहरा सैल सोडला की घडी उघडते आणि तिथे फिकट रेघांचा पंखा दिसतो. तो रंगातला फरक असतो, खोली नसते. ओळखण्याची खूण सोपी आहे : माणसाला अर्धे वळवून प्रकाश दुसऱ्या बाजूने येऊ द्यावा. खोल घडीची सावली प्रकाशाबरोबर बदलते; फिकट रेघ फिकटच राहते.

*इशारा : कपाळाच्या किंवा तोंडाच्या एकाच बाजूच्या रेषा अचानक नाहीशा झाल्या असतील, ओठाचा एक कोपरा लोंबत असेल किंवा एक डोळा नीट मिटत नसेल, तर फोटो काढत बसू नये. तो चेहऱ्याचा लकवा किंवा मेंदूचा झटका असू शकतो; त्या माणसाला लगेच दवाखान्यात न्यावे.*

टप्पा ४ : अंतर काय करते

आता मुद्दाम चुकीचा फोटो काढायचा आहे. तोच सैल चेहरा, तोच प्रकाश, फक्त मोबाइल एक फुटाच्या गाठीवर. झूम लावू नये.

हिशेब असा आहे. नाकाच्या शेंड्यापासून कान साधारण १२ सेंटीमीटर मागे असतो. मोबाइल नाकापासून ३० सेंटीमीटरवर असेल तर कान ४२ सेंटीमीटरवर पडतो, म्हणजे कानाच्या प्रमाणात नाक १.४ पट मोठे उमटते. मोबाइल १५० सेंटीमीटरवर, म्हणजे सुमारे पाच फुटांवर नेला तर कान १६२ सेंटीमीटरवर येतो आणि तेच प्रमाण १.०८ होते. दोन्हींची तुलना केली तर जवळच्या फोटोत नाक सुमारे ३० टक्के फुगलेले दिसते. अमेरिकेतील डॉक्टरांनी २०१८ मध्ये सेल्फीतल्या नाकाच्या रुंदीचा जो हिशेब छापला, तोही याच आकड्याजवळ आला होता.

नाकाबरोबर त्याच्या आजूबाजूचे सगळेच, म्हणजे भुवयांमधली जागा, गालांचा पुढचा भाग आणि ओठांची घडी, मोठे होते आणि तिथल्या रेषा लांब व रुंद भासतात. याच्या उलट परिणामाकडे मात्र सहसा कोणाचे लक्ष जात नाही. कॅमेरा जितका जवळ, तितका गोल चेहऱ्याचा बाजूचा भाग नजरेआड वळतो. म्हणून डोळ्यांच्या बाहेरच्या कोपऱ्यातल्या रेषा जवळच्या फोटोत आक्रसतात आणि कधी दिसतही नाहीत. जवळचा फोटो चेहऱ्याच्या मध्यभागी वय वाढवतो आणि कडेला ते लपवतो.

त्यात मोबाइल आपली भर घालतो. फोटो कडक दिसावा म्हणून तो प्रत्येक रेषेच्या कडा अधिक गडद करतो, आणि जवळून घेतलेल्या फोटोत त्याला त्वचेची प्रत्येक बारीक रेघ सापडते.

टप्पा ५ : फ्लॅश काय करतो

आणखी दोन फोटो घ्यावेत, एक फुटावरून आणि पाच फुटांवरून, दोन्ही फ्लॅश लावून, शक्यतो संध्याकाळी किंवा अंधाऱ्या खोलीत. फ्लॅशने सुरकुत्या नेहमीच वाढतात असे मीही अनेक वर्षे समजत होतो. ते अर्धेच खरे आहे.

मोबाइलचा फ्लॅश भिंगाला अगदी लागून असतो, त्यामुळे त्याने पडणाऱ्या सावल्या वस्तूच्या मागे दडतात आणि कॅमेऱ्याला फारशा दिसत नाहीत. याचा परिणाम म्हणून गालावरची रुंद, उथळ घडी फ्लॅशमध्ये चक्क नाहीशी होते. अरुंद आणि उभ्या भिंतींची खाच मात्र राहते, कारण तिच्या भिंतींवर प्रकाश तिरका पडतो आणि त्या काळ्या दिसतात. मग फ्लॅशमध्ये सुरकुत्या वाढलेल्या का वाटतात? मुख्य कारण चमक. फ्लॅशचा दिवा ज्वारीच्या दाण्याएवढा; त्याचे प्रतिबिंब घामट, तेलकट त्वचेच्या प्रत्येक उंचवट्यावर टिंबासारखे पांढरे पडते आणि त्या पांढऱ्याशेजारी मधली साधी रेघही काळीकुट्ट वाटते. सावळ्या त्वचेवर हा फरक अधिक उठून दिसतो.

दुसरे कारण पुन्हा अंतराचे. एका लहान दिव्याचा प्रकाश अंतराच्या वर्गाने घटतो. एक फुटावर नाकाला कानाच्या जवळजवळ दुप्पट उजेड मिळतो, तर पाच फुटांवर तोच फरक सुमारे १७ टक्क्यांवर येतो. म्हणून जवळच्या फ्लॅशमध्ये नाक आणि कपाळ पांढरे पडते आणि कडा अंधारात जातात. तिसरे कारण साधे आहे : डोळ्यांसमोर एक फुटावर दिवा चमकला की माणूस डोळे बारीक करतो. त्या फोटोतल्या रेषा फ्लॅशने दाखवलेल्या नसतात, त्याने घडवलेल्या असतात.

*पडताळा : कॅमेऱ्यावर वेगळा बसवलेला फ्लॅश वापरत असाल आणि कॅमेरा उभा धरला असेल, तर फ्लॅश बाजूला जातो. मग सावल्या लपत नाहीत आणि वरचा हिशेब लागू पडत नाही.*

टप्पा ६ : दुसऱ्याने पाठवलेला फोटो वाचताना

समोर माणूस नसेल तर आधी त्याच्या डोळ्यांत पाहावे. बुबुळाच्या मध्याजवळ एकच बारीक, टोकदार पांढरा ठिपका असेल तर फ्लॅश लागला होता. मोठा चौकोनी किंवा पसरट उजेड असेल तर फोटो दारासमोर किंवा उघड्यावर काढलेला आहे. मग कान पाहावेत. केस मागे असूनही कान जेमतेम दिसत असतील आणि नाक मोठे वाटत असेल, तर कॅमेरा फार जवळ होता. शेवटी खालच्या पापण्या पाहाव्यात : त्या वर उचललेल्या आणि ताणलेल्या असतील तर चेहरा सैल नव्हता. फ्लॅश, फार जवळचा कॅमेरा किंवा ताणलेला चेहरा यांतली कोणतीही एक खूण दिसली तरी त्या फोटोवरून "खोल सुरकुती" असा शब्द वापरू नये. दुसरा फोटो मागवावा.

एक चेहरा, सुरुवातीपासून शेवटपर्यंत

मागच्या हिवाळ्यात कपाशी वेचणाऱ्या, ५६ वर्षांच्या एक मावशी मुलीबरोबर स्टुडिओत आल्या. मुलीने रात्री घरात, एक फुटावरून, फ्लॅश लावून त्यांचा फोटो काढला होता आणि तो पाहून मावशी तिला म्हणाल्या होत्या, "इतकी बुढी झाली का वं मी?" त्या फोटोत कपाळावर पाच रेषा, भुवयांमध्ये दोन उभ्या रेषा आणि नाकाशेजारी दोन्ही बाजूंना काळ्या घड्या दिसत होत्या. डोळ्यांच्या कोपऱ्यात जेमतेम दोन रेषा होत्या. बुबुळातला टिंबाएवढा ठिपका आणि गायब झालेले कान पाहूनच फोटो बाजूला ठेवावा लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्याच घरच्या सपरीत, पाच फुटांवरून, वरच्या क्रमाने फोटो घेतले. कपाळावरच्या पाचपैकी तीन रेषा सैल चेहऱ्यात उरल्या नाहीत. उरलेल्या दोहोंपैकी वरची हलकेच फाकवल्यावर पुसली गेली. खालचीची खाच राहिली. भुवयांमधल्या दोन्ही रेषा मावशी दूरच्या झाडाकडे पाहू लागताच नाहीशा झाल्या. रात्री त्या मुलीच्या हातातल्या पडद्यावर काय दिसते ते पाहण्याची धडपड करत होत्या आणि चष्मा त्यांनी कधी घेतलेलाच नव्हता. नाकाशेजारच्या घड्या होत्या, पण पहिल्या फोटोपेक्षा बऱ्याच सौम्य.

डोळ्यांच्या कोपऱ्यात मात्र अर्ध्या वळवलेल्या फोटोत दोनऐवजी सहा रेघा निघाल्या. त्यांतल्या चार प्रकाश बदलूनही फिकटच राहिल्या, म्हणजे उन्हाचा रंग. दोन खऱ्या घड्या होत्या. आणि मुलीच्या फोटोत जो भाग आलाच नव्हता, तिथे सर्वांत खोल सुरकुत्या सापडल्या : मानेच्या मागे, केसांच्या खाली, जाड झालेल्या त्वचेवर एकमेकींना छेदणाऱ्या, शंकरपाळ्यासारखे चौकोन पाडणाऱ्या. वाकून वेचणी करताना वर्षानुवर्षे ऊन थेट मानेवर पडते, आणि त्या जागेची त्वचा अशीच होते. भुवया उचलून किंवा आठ्या घालून तिथे काही बदलत नाही, त्वचा फाकवूनही त्या रेषा पुसल्या जात नाहीत.

डॉक्टरांना पाठवण्यासाठी त्यांचे चार फोटो निवडले : सैल चेहरा समोरून, उजवीकडे वळून, डावीकडे वळून, आणि मान मागून. प्रत्येकाखाली "पाच फूट, सावली, फ्लॅश नाही, चेहरा सैल" एवढी ओळ लिहिली. मुलीचा रात्रीचा फोटो पाठवला नाही.